‘पिशवीला सूज आहे’ म्हणजे नेमकं काय? फायब्रॉइड, ॲडेनोमायोसिस आणि मुलाचा निर्णय

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘बल्की युटेरस’ असं छापून येतं आणि बाईला सांगितलं जातं, ‘पिशवीला सूज आहे.’ त्यातून एवढंच कळतं की गर्भाशय नेहमीपेक्षा मोठं दिसतंय. ते कशामुळे मोठं झालं, हे त्या दोन शब्दांत नसतं. मोठं होण्याची दोन नेहमीची कारणं म्हणजे फायब्रॉइड आणि ॲडेनोमायोसिस. दोन्ही कॅन्सर नव्हेत, दोन्हींत पाळी जास्त जाऊ शकते, दोन्ही एकाच बाईत एकत्रही सापडतात. तरीही मूल हवं असेल तर, आणि नको असेल तरही, दोघांचे रस्ते वेगळे होतात.

चिपळूण-गुहागर पट्ट्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ‘बल्की युटेरस’ लिहिलेल्या फायली मी सारख्या पाहते. त्यातल्या एका घरातल्या दोन जावांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. थोरली ४१ वर्षांची, दोन मुलं. धाकटी ३३ची, एक मुलगी, आता दुसरं मूल हवंय. थोरलीच्या रिपोर्टात ६ सेंटिमीटरचा फायब्रॉइड, धाकटीच्या रिपोर्टात ४ सेंटिमीटरचा. थोरलीला कुठेतरी सांगितलं होतं की पिशवी काढून टाका. धाकटीला सांगितलं होतं की आधी गाठ काढा, मग मुलाचं बघू. थोरलीचं म्हणणं साधं होतं: ‘माझी गाठ मोठी, तर आधी माझंच करा.’ शेवटी दोघींपैकी कुणालाच ऑपरेशन लागलं नाही. ते का, हे समजायला आधी गर्भाशयाची भिंत समजून घ्यावी लागते.

गर्भाशय म्हणजे मुठीएवढी, जाड स्नायूंची पिशवी. आत एक पातळ आवरण असतं. तेच दर महिन्याला वाढतं आणि पाळीच्या रूपात बाहेर पडतं. गर्भ रुजतो तोही याच आवरणात. फायब्रॉइड स्नायूपासून तयार होतो. एका जागच्या पेशी वाढत जातात आणि त्यांचा घट्ट, गोल गोळा होतो. त्याच्याभोवती दाबल्या गेलेल्या स्नायूंचं कवच तयार होतं, म्हणून त्याला स्पष्ट कड असते. ॲडेनोमायोसिसमध्ये आतलं आवरणच स्नायूच्या भिंतीत शिरतं. त्याची बारीक बेटं स्नायूत जागोजागी अडकून बसतात आणि भोवतालचा स्नायू जाड होत जातो. इथे कवच नसतं, कड नसते. जांभ्याच्या भिंतीतला एखादा वेगळा दगड खणून काढता येतो, पण पावसाळाभर त्याच भिंतीत मुरलेली ओल उपसून काढता येत नाही. दोन्ही आजारांत हाच फरक आहे. लक्षणं, सोनोग्राफी, ऑपरेशन आणि गर्भधारणा या चारही गोष्टी या कडेपाशी येऊन ठरतात.

त्रासावरून काय ओळखता येतं

फायब्रॉइडचा त्रास त्याच्या आकारापेक्षा जागेवर अवलंबून असतो. आतल्या पोकळीत डोकावणारा दीड सेंटिमीटरचा गोळा इतका रक्तस्राव करतो की हिमोग्लोबिन ७ वर येतं. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला वाढलेला आठ सेंटिमीटरचा गोळा मात्र पाळीवर काहीच परिणाम करत नाही, असंही होतं. त्याचा त्रास झालाच तर दाबाचा होतो: पुढच्या बाजूला असेल तर सारखी लघवीला लागते, मागच्या बाजूला असेल तर शौचाला त्रास होतो, ओटीपोटात जड वाटतं. भिंतीच्या मधोमध असलेले गोळे या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतात. फायब्रॉइड सहसा फार दुखत नाही. अचानक असह्य दुखलं, तर देठावरच्या गाठीला पीळ पडला असेल किंवा गाठीचा रक्तपुरवठा तुटला असेल, अशी शंका घ्यावी लागते.

ॲडेनोमायोसिसची ओळख दुखण्यात आहे. पाळीच्या आधी एक-दोन दिवस कळा सुरू होतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, आणि वर्षागणिक हे वाढत जातं. पूर्वी एका गोळीत भागायचं, आता तीन लागतात. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं. रक्तस्रावही जास्त होतो, गुठळ्या पडतात. तपासताना पिशवी सगळीकडून सारखी मोठी, मऊसर आणि दाबल्यावर दुखणारी लागते. फायब्रॉइडची पिशवी बहुधा टणक आणि उंचसखल लागते. कित्येकींना मात्र दोन्ही आजार असूनही काहीच त्रास नसतो, आणि केवळ रिपोर्टात नाव आलं म्हणून उपचार करायचे नसतात.

‘जास्त जातं’ म्हणजे किती, हे विचारलं की बायका संकोचतात. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल, तर ते जास्तच आहे. लावणीच्या दिवसांत पाळी आली की चिखलात उभं राहणं शक्य नाही, म्हणून घरी थांबावं लागतं, असं धाकटीने सांगितलं. मला तेवढं पुरेसं होतं.

सोनोग्राफीत काय बघायचं

धाकटीची पहिली सोनोग्राफी पोटावरून, लघवी भरून केलेली होती. फायब्रॉइडचा मोठा गोळा तशा तपासणीत दिसतो, पण ॲडेनोमायोसिसच्या बारीक खुणा बहुतेक वेळा निसटतात. त्यासाठी योनीमार्गातून, लघवी करून आल्यावर केलेली सोनोग्राफी लागते. रिपोर्टात तिला टीव्हीएस म्हणतात. लग्न न झालेल्या मुलीत ती करायची नसेल तर एमआरआय हा पर्याय आहे.

धाकटीची टीव्हीएस केली तेव्हा पिशवीची मागची भिंत ३२ मिलिमीटर जाड निघाली आणि पुढची १६. अशी एकाच बाजूची जाडी दिसली की ॲडेनोमायोसिसचा विचार करावा लागतो. ज्याला आधी ४ सेंटिमीटरचा फायब्रॉइड म्हटलं होतं तो भाग याच मागच्या भिंतीत होता. त्याची कड शोधत प्रोब सगळीकडून फिरवला, पण गाठ कुठे संपते आणि स्नायू कुठे सुरू होतो, हे ठरवता येईना. आत २ ते ४ मिलिमीटरचे काळे ठिपके होते. ते म्हणजे भिंतीत अडकलेल्या आवरणाच्या बारीक पाणथळी. त्या भागातून पंख्याच्या पात्यांसारख्या सावल्या खाली पसरत होत्या. रंगीत डॉप्लर लावल्यावर रक्तवाहिन्या त्या भागातून सरळ आरपार जाताना दिसल्या. फायब्रॉइडमध्ये त्या गोळ्याला वळसा घालून कडेने फिरतात, कारण मध्ये कवच असतं. आतलं आवरण आणि स्नायू यांच्यातली रेषाही जागोजागी तुटलेली होती. आणि प्रोबने तिथेच हलकं दाबलं तेव्हा ती म्हणाली, ‘हेच ते, पाळीत दुखतं ते.’

निदान झालं ते एका जागी साचलेल्या ॲडेनोमायोसिसचं. त्याचीही गाठीसारखी जाडी होते, म्हणून ते फायब्रॉइड समजलं जातं. ही चूक नेहमी होते आणि महाग पडते. फायब्रॉइड समजून सर्जनने चीर दिली, तर कवचात बोट घालून गोळा सोडवायला काही सापडत नाही. रोगाबरोबर निरोगी स्नायूही कापावा लागतो, पोकळी उघडी पडू शकते, आणि शिवलेली भिंत कमकुवत राहते. अशी भिंत पुढच्या गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो. मूल हवं असणाऱ्या बाईत हे ऑपरेशन फार निवडक वेळा, या कामात हात बसलेल्या सर्जनकडूनच करावं, असं माझं ठाम मत आहे.

उलट चूकही होते. स्नायू मध्येच आकुंचन पावला तर काही मिनिटं भिंत एका जागी जाड दिसते आणि ॲडेनोमायोसिससारखी भासते. शंका असेल तर बाईला अर्ध्या तासाने परत बघायचं. आकुंचन असेल तर ते गेलेलं असतं. दोन्ही आजार एकत्र असतील, पिशवी फार मोठी असेल किंवा ऑपरेशनचा निर्णय अडला असेल, तर एमआरआय करावा. प्रत्येकीला तो लागत नाही. रक्तातली सीए-१२५ ही तपासणी दोन्हींत वाढलेली येऊ शकते. तो आकडा पाहून कॅन्सरच्या भीतीने मुंबई गाठलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

थोरलीच्या टीव्हीएसमध्ये गोळा गोल, स्वच्छ कडेचा, पिशवीच्या माथ्यावर बाहेरच्या अंगाला होता. आतल्या पोकळीला त्याचा स्पर्शही नव्हता. म्हणजे तिच्या जास्त जाणाऱ्या पाळीचं कारण तो नव्हता. कारण त्याच पडद्यावर समोर होतं: तांबी, म्हणजे कॉपर-टी. दीड वर्षापूर्वी ती बसवली आणि तेव्हापासूनच पाळी वाढली, हे तिने विचारल्यावर सांगितलं. पहिल्या रिपोर्टात तांबीचा उल्लेख होता, पण सगळ्यांचं लक्ष ६ सेंटिमीटरवर.

मूल हवं असेल तर

फायब्रॉइडमध्ये पुन्हा जागाच बघायची. आतल्या पोकळीत डोकावणारा गोळा गर्भ रुजू देत नाही आणि गर्भपाताची शक्यता वाढवतो. तो लहान असला तरी काढावा. योनीमार्गातून दुर्बिणीने काढता येतो, पोटावर चीर लागत नाही. बाहेरच्या अंगाचा गोळा दिवस राहण्याच्या आड येत नाही. फक्त मुलासाठी तो काढू नये. भिंतीच्या मधोमध असलेल्या गोळ्याबद्दल डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. पोकळीचा आकार बिघडला नसेल आणि गोळा फार मोठा नसेल, तर काढून फायदा होतोच असं सिद्ध झालेलं नाही. काढला तर भिंत भरून यायला काही महिने थांबावं लागतं, आणि चीर खोल गेली असेल तर पुढचं बाळंतपण बहुधा सिझेरियनने करावं लागतं. ऑपरेशन ठरवण्याआधी बाईला हे सगळं माहीत हवं. गरोदरपणात बहुतेक फायब्रॉइड फारसे वाढत नाहीत. क्वचित एखाद्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि चार-आठ दिवस सपाटून दुखतं, पण ते बहुधा आराम आणि वेदनाशामकांवर निभावतं. गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिलेल्याच घ्यायच्या, कारण गरोदरपणात नेहमीच्या सगळ्या वेदनाशामक चालत नाहीत.

ॲडेनोमायोसिसमध्ये काढून टाकण्यासारखं काही नसल्याने वेळेचा हिशोब महत्त्वाचा ठरतो. गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते, गर्भपाताची वाढते, पण दिवस राहतच नाहीत असं मुळीच नाही. उपचार न करताही कित्येकींना मूल होतं. म्हणून पहिला प्रश्न हा की प्रयत्न खरोखर किती झाले आहेत.

धाकटीने सांगितलं, ‘तीन वर्षं प्रयत्न चालू आहेत.’ नवरा मुंबईला कंपनीत. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात दोन आठवडे गावी येतो. गर्भधारणेचे दिवस महिन्यात पाच-सहाच असतात. २८ दिवसांच्या पाळीत साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसापर्यंतचे. पाळीच्या तारखा आणि त्याच्या सुट्ट्या कॅलेंडरवर मांडल्या, तेव्हा तीन वर्षांत ते दिवस मोजक्याच वेळा जुळलेले निघाले. वंध्यत्व म्हणायचं ते वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस न राहिल्यास. बाई ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी तपासण्या सुरू करायच्या. कोकणात हा हिशोब करायला फार जण विसरतात, आणि दोष थेट पिशवीवर जातो. सासूबाईंनाही तारखा दाखवून समजावलं.

नवऱ्याची वीर्यतपासणी केली, ती चांगली आली. तिच्या नळ्या उघड्या होत्या. अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे जुनं रक्त साचून झालेली गाठ, नव्हती. ॲडेनोमायोसिसबरोबर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे तसंच आवरण पिशवीच्या बाहेर वाढणं, असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून हे बघावंच लागतं. मग आम्ही असं ठरवलं. नवऱ्याला तीन महिन्यांनी कामातून लांब सुट्टी मिळणार होती. तोपर्यंतचे तीन महिने तिला डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एक गोळी. तिने पाळी थांबते किंवा अगदी कमी होते, दुखणं उतरतं आणि भिंतीतली बेटं सुप्त होतात. ही गोळी चालू असताना मूल राहण्याची आशा धरायची नाही, आणि गर्भनिरोधक म्हणूनही तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. नवरा येण्याआधी ती बंद. नंतरच्या महिन्यांत फक्त पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक ॲसिड, तेही जेवणानंतर. बीज सुटण्याच्या दिवसांत अशी वेदनाशामक टाळायची, कारण तिने बीज सुटण्यात अडथळा येऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिड.

तिचं वय ३८ असतं, तर मी हे तीन महिने गोळीत घालवले नसते. थेट वंध्यत्वतज्ज्ञाकडे पाठवलं असतं, कारण तेव्हा ॲडेनोमायोसिसपेक्षा बीजांची घटती संख्या जास्त घाईची असते. आयव्हीएफ करायची झाली तर एक पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. आधी गर्भ तयार करून गोठवायचे. मग दोन-तीन महिने महिन्याला एक ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देऊन पिशवी शांत करायची आणि त्यानंतर गर्भ आत सोडायचा. या इंजेक्शनांनी तात्पुरती रजोनिवृत्ती येते: अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, आणि फार काळ दिलं तर हाडं ठिसूळ होतात. आजार त्याने बरा होत नाही. काही महिन्यांची संधी मिळते, ती वाया घालवायची नसते.

सुट्टीच्या तिसऱ्या महिन्यात धाकटीला दिवस राहिले. ॲडेनोमायोसिस असलेल्या गरोदरपणात वेळेआधी कळा सुरू होणं, रक्तदाब वाढणं, बाळाचं वजन कमी राहणं याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून तिच्या कार्डावर निदान ठळक लिहिलं, तपासण्या नेहमीपेक्षा जवळजवळ ठेवल्या. प्रसूतीची तारीख ऐन पावसाळ्यात होती. शेवटचा महिना तिने रक्तपेढी आणि बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असलेल्या गावी, बहिणीकडे काढावा, असं आधीच ठरवून ठेवलं. घाटात दरड आली की गाडी किती तास अडकेल, हे कुणी सांगू शकत नाही.

मूल नको असेल तर

या दोन्ही आजारांत तांबी हा चुकीचा पर्याय ठरू शकतो, कारण ती स्वतःच रक्तस्राव आणि कळा वाढवते. संप्रेरकवाली तांबी वेगळी. तिच्यातून लेवोनॉर्जेस्ट्रेल थोडं थोडं आत सुटतं, आतलं आवरण पातळ होतं, पाळी खूप कमी होते. ॲडेनोमायोसिसमध्ये तिचा चांगला उपयोग होतो आणि निदान पाच वर्षं ती गर्भनिरोधनही करते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. ते आधी सांगितलं नाही तर बायका घाबरून काढून घेतात. पोकळीत फायब्रॉइड असेल किंवा पिशवी फार मोठी असेल, तर ती निसटून पडण्याची शक्यता वाढते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शनही पाळी कमी करतं, मात्र ते थांबवल्यावर दिवस राहायला उशीर लागू शकतो. लवकरच मूल हवं असणारीने ते घेऊ नये.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन या आजारांवर काहीच परिणाम करत नाही. ‘ऑपरेशन झालं आणि पाळी बिघडली’ असं अनेक जणी सांगतात. बहुधा ऑपरेशन तिशीच्या आधीच होतं आणि ॲडेनोमायोसिसचा त्रास वाढतो तो त्यानंतरच्या वर्षांत. ज्या आधी गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या, त्यांच्या गोळ्या ऑपरेशननंतर बंद होतात आणि गोळ्यांनी झाकलेला रक्तस्राव उघडा पडतो.

थोरलीची तांबी काढली. चाळिशी ओलांडलेली म्हणून आवरणाचा छोटा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला आला. हिमोग्लोबिन ८.२ होतं, म्हणून शिरेतून लोह दोनदा दिलं, आणि महिन्याने संप्रेरकवाली तांबी बसवली. गोळा पोकळीपासून लांब असल्याने त्यात अडचण नव्हती. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं. गोळा आहे तिथेच आहे, ६ सेंटिमीटरचाच. वर्षाने एकदा बघायचा. रजोनिवृत्तीनंतर असे गोळे आक्रसतात. तेव्हा आक्रसायच्या ऐवजी वाढायला लागला, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर वाट न बघता दाखवायचं, एवढं तिला लिहून दिलंय.

पिशवी काढणं हा ॲडेनोमायोसिसवरचा कायमचा उपाय आहे हे खरं. गोळ्या आणि संप्रेरकवाली तांबी वापरूनही दुखणं थांबत नसेल आणि मूल नको हे पक्कं असेल, तर तो जरूर करावा. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: योनीमार्गातून सोनोग्राफी झाली आहे का, आणि अंडाशय ठेवणार की काढणार. चाळिशीत निरोगी अंडाशय काढले, तर हाडांची आणि हृदयाची झीज काही वर्षं आधीच सुरू होते.